बेसिक, महागाई आणि सव्वीस : माझ्या ग्रॅच्युइटीचा हिशोब

कंपनीकडून आलेल्या पत्रात एकच आकडा होता. ग्रॅच्युइटी रुपये २,१८,४००. सोबत तेवढ्याच रकमेचा चेक. हा आकडा कुठून आला, कुठला पगार धरला, किती वर्षं धरली, कशाने भागलं, याबद्दल एक ओळही नव्हती. मी स्टोअरकीपर. आयुष्यभर माल आला तर चलन आणि गेला तर व्हाउचर अशी सवय लागलेली. मागचा हिशोब दिसला नाही की मला तो आकडा पटत नाही. मी एचआरमधल्या मुलाला फोन करून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, सिस्टिमने काढलंय ते." मी म्हटलं, सिस्टिममध्ये काय भरलं तेवढं सांग. त्याने सांगितलं आणि मग सगळा उलगडा झाला.

आधी माझी नोकरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ११ जून १९९१ रोजी मी हेल्पर म्हणून रोजंदारीवर लागलो. १ जानेवारी १९९६ पासून पर्मनंट झालो. पुढे स्टोअरमध्ये गेलो आणि वयाची अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ३१ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालो. शेवटच्या महिन्याच्या स्लिपवर बेसिक १५,६०० रुपये आणि महागाई भत्ता १०,४०० रुपये होता. शिवाय घरभाडे, प्रवास आणि धुलाई भत्ता. हा सगळा काळ १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखालचा आहे. कारखान्याला तो लागू व्हायचाच, दुकानात किंवा आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर तिथेही लागू व्हायचा, आणि एकदा लागू झाल्यावर पुढे माणसं दहाच्या खाली आली तरी सुटका नसायची.

कंपनीने काय केलं होतं? बेसिक १५,६०० घेतलं, त्याला ३० ने भागलं, म्हणजे दिवसाला ५२० रुपये. पंधरा दिवसांचे झाले ७,८००. त्याला २८ वर्षांनी गुणलं. झाले २,१८,४००. गणित अचूक होतं. पण त्यात घातलेले तिन्ही आकडे चुकीचे होते.

पहिला म्हणजे तीस. कायदा म्हणतो, प्रत्येक वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार. ऐकणारा साहजिकच समजतो की अर्धा महिना. पण मासिक पगारदाराचे पंधरा दिवस कसे मोजायचे तेही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे : शेवटच्या महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं आणि १५ ने गुणायचं. महिन्यातले चार रविवार सोडले तर कामाचे दिवस सव्वीस, आणि महिन्याचा पगार त्या सव्वीस दिवसांच्या कामाचा, असं त्यामागचं तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये एका वूलन मिलच्या खटल्यात सव्वीसचा हिशोब योग्य ठरवला आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो थेट कायद्यातच आला. तरीही कित्येक ऑफिसांत आजही तीसने भागतात. एचआरचा मुलगा मला म्हणाला होता, "महिना तीस दिवसांचाच धरतात ना काका." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला जे शिकवलं ते तो करत होता, आणि त्यामुळेच ते वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं होतं.

दुसरा आकडा पगाराचा. ग्रॅच्युइटीसाठी बेसिक आणि महागाई भत्ता दोन्ही धरावे लागतात. बोनस, कमिशन, घरभाडे, ओव्हरटाइम आणि इतर भत्ते वगळतात. माझा महागाई भत्ता वगळला कसा गेला, याचं कारण वेगळ्याच ठिकाणी सापडलं. कंपनीने एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी पॉलिसी घेतली होती आणि दरवर्षी एलआयसीला जी यादी जायची तिच्यात प्रत्येकाचं फक्त बेसिक लिहिलेलं असायचं. कमी पगार दाखवला की भरायचा हप्ता कमी. मग पैसेही त्याच हिशोबाने आले आणि कंपनीने तेच पुढे पाठवले. एलआयसीकडून किती आले हा कंपनीचा आणि एलआयसीचा प्रश्न. कामगाराचं देणं कायद्याने ठरतं, आणि पॉलिसी कमी पडली तर उरलेली रक्कम मालकाने खिशातून भरायची असते.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. हा शेवटचा पगार सगळ्या वर्षांना लागतो. १९९१ साली मला जो रोज मिळायचा त्यात आज दोन चहाही धड येणार नाहीत, पण त्या वर्षाचीही ग्रॅच्युइटी २०२४ च्या पगारावरच मोजायची. म्हणून जुनी वर्षं हिशोबातून गळणं फार महाग पडतं. "सुरुवातीची चार-पाच वर्षं जाऊ दे, तेव्हा पगारच काय होता" असं म्हणून सोडून देणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यातलं प्रत्येक वर्ष शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांइतकं मोलाचं असतं.

आणि तिसरा आकडा त्या वर्षांचाच. कंपनीने १ जानेवारी १९९६ पासून मोजलं, म्हणजे पर्मनंट झाल्यापासून. त्याप्रमाणे अठ्ठावीस वर्षं आणि एक महिना, तो एक महिना सोडून अठ्ठावीस. मी कामाला लागलो त्या दिवसापासून मोजलं तर बत्तीस वर्षं आणि साडेसात महिन्यांच्या वर. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा असतो, म्हणून तेहतीस. सहा महिने किंवा त्याहून कमी असता तर तो सुटला असता. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याने तारीख ठरवताना हे पाहून ठेवावं. दोन-चार आठवड्यांच्या फरकाने एक अख्खं वर्ष हातचं जाऊ शकतं.

आता योग्य हिशोब. बेसिक आणि महागाई मिळून २६,०००. त्याला २६ ने भागलं की दिवसाला एक हजार, पंधरा दिवसांचे पंधरा हजार. गुणिले तेहतीस. रुपये ४,९५,०००. मला आलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त. कुठल्या चुकीचा वाटा किती तेही मी मांडून पाहिलं. नुसतं ३० च्या जागी २६ घेतलं तर २,१८,४०० चे २,५२,००० होतात. महागाई भत्ता मिळवला की ४,२०,०००. आणि रोजंदारीची वर्षं धरली की ४,९५,०००. सगळ्यात मोठा घाव महागाई भत्ता गाळल्याचा होता, एक लाख अडुसष्ट हजारांचा. सगळे भांडतात ते मात्र सव्वीस की तीस यावर.

आता पैसे कधी द्यायचे ते. कंपनीचं पत्र आणि चेक माझ्या हाती आला तो मे महिन्याच्या शेवटी. कायदा म्हणतो, ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची. नोकरी संपली ३१ जानेवारीला, म्हणजे मार्च उजाडेपर्यंत पैसे यायलाच हवे होते. अर्ज आला नाही म्हणून थांबलो, ही सबब मालकाला नाही. माणसाने अर्ज करो वा न करो, रक्कम मोजून त्याला आणि ग्रॅच्युइटीचे तंटे पाहणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याला लेखी कळवणं हे मालकाचं काम. तरीही मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म आय भरून आवक-जावकला दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. आवकवाली बाई म्हणाली, "काका, तुम्ही घरचेच, शिक्का कशाला?" मी म्हटलं, माझ्याकडून माल नेताना तुम्हीही सही करायचाच की. तिने हसून शिक्का मारला. ती प्रत पुढे फार कामाला आली, कारण कंपनीने नंतर लेखी म्हणण्यात अर्ज मिळालाच नाही असं लिहिलं होतं.

मधल्या महिन्यांत दोन कारणं ऐकवली गेली. एक म्हणजे एलआयसीकडून पैसे यायचेत. दुसरं, माझ्या स्टोअरच्या शेवटच्या मोजणीत काही बेअरिंग आणि कटिंग टूल्सचा फरक निघाला होता, त्याचा निकाल लागेपर्यंत ना-देय दाखला नाही आणि ग्रॅच्युइटी नाही. हे दुसरं ऐकून माझा जीव खरंच खाली-वर झाला, कारण इतकी वर्षं सांभाळलेल्या नावाचा प्रश्न होता. आमच्या युनियनचे जुने पदाधिकारी अण्णा, ज्यांनी असे अनेक खटले चालवलेत, त्यांनी मला कायद्याचं कलम उघडून दाखवलं. ग्रॅच्युइटी जप्त करायची तर त्या माणसाला त्या कृत्यासाठी कामावरून काढलेलं असावं लागतं. मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने नुकसान केलं असेल तर त्या नुकसानीपुरतीच, आणि दंगा-मारामारी किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर पूर्ण किंवा अंशतः. मला कुणी नोटीस दिली नव्हती, चौकशी लावली नव्हती. मी हार घालून घेऊन निवृत्त झालो होतो. "निवृत्त झाल्यावर बेअरिंग मोजून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही," अण्णा म्हणाले. पुढे मोजणीतला तो फरकही सापडला. शॉपमधून परत आलेला माल दुसऱ्या रॅकवर ठेवला गेला होता.

चेक घेतेवेळी कंपनीने एक छापील पावती पुढे केली. 'माझे सर्व येणे पूर्णपणे मिळाले असून यापुढे माझा कोणताही हक्क राहिलेला नाही.' ही पावती बऱ्याच जणांना घाबरवते. सही केली तर सगळं संपलं, नाही केली तर चेक मिळत नाही. मी सही केली, पण सहीच्या वर पेनाने लिहिलं : 'ही रक्कम कमी आहे. उरलेल्या रकमेचा हक्क राखून, तक्रारीसह स्वीकारली.' खाली तारीख घातली आणि मोबाइलवर तिचा फोटो काढला. तसं लिहिलं नसतं तरी दावा बुडाला असता असं नाही, कारण कायद्याने दिलेली ग्रॅच्युइटी अशा करारनाम्याने कमी होत नाही. पण लिहिलेलं असलं की समोरच्याचा एक मुद्दा सुरुवातीलाच गळतो.

जून महिन्यात अण्णांच्या मदतीने फॉर्म एन भरून नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. रक्कम कमी कळवली, अर्ज नाकारला किंवा मुदतीत काही कळवलंच नाही, तर त्यापासून नव्वद दिवसांत हा अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर सबळ कारण देऊन विलंब माफीचा अर्ज जोडता येतो. अर्जात मी गोष्टी वेगवेगळ्या मागितल्या : सव्वीसचा भागाकार, महागाई भत्ता, ११ जून १९९१ पासूनची नोकरी आणि व्याज. मोघम 'योग्य ग्रॅच्युइटी मिळावी' असं लिहू नये, असा अण्णांचा आग्रह होता, आणि तो किती बरोबर होता ते पुढे कळलं. पहिल्याच तारखांना कंपनीच्या वकिलांनी सव्वीस आणि महागाई भत्ता यावर फार ताणलं नाही. त्यांना माहीत होतं की स्लिपवर महागाई भत्ता छापलेला आहे. त्यांनी सगळा जोर लावला तो वर्षांवर.

त्यांचं म्हणणं असं : हा माणूस १९९६ पूर्वी कायम नव्हता. रोजंदारीवर होता आणि त्यातही मधे मधे ब्रेक होते. एकसलग नोकरी नसेल तर ग्रॅच्युइटी कसली?

ब्रेक होते हे खरं. त्या काळी आमच्याकडे प्रत्येक रोजंदारीवाल्याला सहा-सात महिने झाले की चार-पाच दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्याने घेतल्यासारखं दाखवायचे. काम तेच, मशीन तेच, फोरमन तोच. कागदावर तेवढी फट ठेवायची. पण सलग नोकरी म्हणजे एकही दिवस खंड नसलेली नोकरी असं कायदा म्हणत नाही. आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर ते वर्ष सलग धरायचं. आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या ठिकाणी आणि जमिनीखालच्या खाणीत हीच अट १९० दिवसांची. सहा दिवसांच्या आठवड्यात वर्षाला तीनशेच्या आसपास कामाचे दिवस भरतात, त्यामुळे ब्रेकचे आठ-दहा दिवस गेले तरी २४० सहज पार होतात. कंपनीने ठेवलेली फट इथे उपयोगी पडत नाही.

आणि रोजंदारीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नेतराम साहू विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालात हा मुद्दा सरळ केला आहे. त्या माणसाची सुमारे पंचवीस वर्षांची नोकरी होती, त्यातली बावीस रोजंदारीवर आणि शेवटची तीन नियमित. सरकारने फक्त नियमित काळ पाहिला आणि पाच वर्षं भरत नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाकारली. न्यायालयाने सगळी पंचवीस वर्षं धरायला लावली. आमच्या वकिलांनी तो निकाल दाखल केला. पण निकाल असला तरी मी १९९१ पासून तिथे होतो, हे सिद्ध करायचं काम माझंच होतं.

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण बहुतेकांचा दावा इथेच लंगडा पडतो. तीस वर्षांपूर्वीची रोजंदारी दाखवायची कशाने? पगार तेव्हा पाकिटातून रोख मिळायचा. मस्टर कंपनीकडे. माझ्याकडे निघाली ती एक जुनी प्लास्टिकची फाइल. त्यात ईएसआयसीचं जुनं ओळखपत्र आणि नोंदणीच्या वेळी भरलेल्या फॉर्मचा खालचा तुकडा होता. त्या तुकड्यावर नोकरीला लागल्याची तारीख, कंपनीचा कोड नंबर आणि टाइमकीपरची सही. पिन गंजून कागदाला तांबडा डाग पडला होता, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. १९९३ पासूनच्या पीएफच्या वार्षिक स्लिपा होत्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १९९५ च्या डिसेंबरचं पर्मनंटचं पत्र. त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की आपण ११-६-१९९१ पासून रोजंदारीवर समाधानकारक काम करत असल्याने आपणास कायम करण्यात येत आहे. कंपनीने स्वतः दिलेलं पत्र. त्या वेळी ती ओळ मी सौजन्याची म्हणून वाचली असेन. कोर्टात तीच पुरावा ठरली.

तरी वर्षाला २४० दिवस भरले का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी आम्ही १९९१ ते १९९५ ची मस्टर आणि पगारपत्रकं हजर करायला लावावीत असा अर्ज केला. कंपनी म्हणाली, जुनं रेकॉर्ड नष्ट झालं. मग त्यांचा अधिकारी साक्षीला आला तेव्हा आमच्या वकिलांनी त्याला शांतपणे विचारलं : रेकॉर्ड नाही, तर ब्रेक होते हे तुम्ही कशावरून सांगता? तो गप्प बसला. मी माझ्या बाजूने शपथेवर साक्ष दिली आणि त्या वर्षांची जपून ठेवलेली थोडी हजेरी कार्डं दाखल केली. माझ्याबरोबर काम केलेल्या एका सहकाऱ्यानेही साक्ष दिली. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं की मालकाच्या ताब्यातलं रेकॉर्ड मालकाने दाखवलं नाही, त्यामुळे प्रतिकूल अनुमान काढावं लागतं, आणि अर्जदाराची नोकरी ११ जून १९९१ पासून सलग धरण्यात येते.

व्याजाचा मुद्दा वेगळा लढावा लागला नाही. तीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर ग्रॅच्युइटी देय झाल्या दिवसापासून सरळव्याज द्यावं लागतं आणि त्याचा दर दहा टक्के आहे. उशीर कामगाराच्या चुकीमुळे झाला असेल आणि मालकाने त्या कारणासाठी नियंत्रक प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतली असेल, तरच मालक त्यातून सुटतो. माझ्या बाबतीत अशी परवानगी कुणी मागितलीही नव्हती. ही तरतूद ऐच्छिक नाही. २००३ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक असल्याचं सांगितलं आहे.

माझं व्याज दोन टप्प्यांत निघालं. १ फेब्रुवारी २०२४ पासून मेअखेरपर्यंत चार महिने पूर्ण ४,९५,००० रुपये थकले होते, त्यांचे १६,५०० रुपये. चेक मिळाल्यावर उरले २,७६,६००. ते जुलै २०२५ च्या अखेरीस मिळाले, म्हणजे आणखी चौदा महिने, त्यांचे ३२,२७० रुपये. मूळ फरक आणि व्याज मिळून ३,२५,३७० रुपये खात्यात आले. चेक आला त्या महिन्यापर्यंत सगळ्या रकमेवर व्याज लागतं, नुसत्या फरकावर नाही, हे कंपनीच्या अकाउंटंटला आम्हाला दोनदा समजावून सांगावं लागलं. व्याज मोजताना बहुतेक जण हे विसरतात.

निकाल लागल्यावर कंपनी अपील करणार असं कानावर आलं. अपिलाला साठ दिवसांची मुदत असते आणि कारण दिलं तर आणखी साठ मिळू शकतात. पण मालकाला अपील दाखल करायचं तर ठरलेली ग्रॅच्युइटी आधी जमा करावी लागते, नाहीतर अपील दाखलच होत नाही. पैसे भरायचेच आहेत तर लढायचं कशाला, असा विचार झाला असावा. शेवटी त्यांनी रक्कम भरली. भरली नसती तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडून वसुली दाखला घ्यायचा, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तेवढी वेळ माझ्यावर आली नाही.

ग्रॅच्युइटीवर आयकर लागला नाही. वीस लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त आहे, आणि कायद्याखालची कमाल मर्यादाही २९ मार्च २०१८ पासून वीस लाखच आहे. व्याज मात्र उत्पन्नात दाखवावं लागलं, ते ग्रॅच्युइटीत मोजत नाहीत.

आता निवृत्त होणाऱ्यांसाठी एक बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ग्रॅच्युइटी तिच्यात गेली. पंधरा भागिले सव्वीसचा हिशोब आणि तीस दिवसांची मुदत तीच आहे. बदल झाला तो पगाराच्या व्याख्येत. घरभाडे, प्रवास असे वगळलेले भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त होत असतील तर वरचा भाग पगारात धरायचा. ज्यांच्या स्लिपवर बेसिक मुद्दाम लहान ठेवलंय, त्यांचा आकडा यामुळे वाढेल. मुदतबंद करारावर लागलेल्यांना पाच वर्षांची अटही राहिलेली नाही.

माझ्या निकालानंतर कंपनीने एलआयसीला जाणारी यादी बदलली. आता त्यात महागाई भत्ता धरलेला असतो, असं एचआरच्या त्याच मुलाने मला आपणहून फोन करून सांगितलं. माझ्यासाठी साक्ष देणारा सहकारी माझ्या आधी वर्षभर निवृत्त झाला होता आणि त्याने मिळालेली कमी रक्कम तशीच घेतली होती. त्याचे नव्वद दिवस कधीच उलटून गेलेत. आम्ही त्याचा फॉर्म एन विलंब माफीच्या अर्जासह दाखल केला आहे. हिशोबाचा कागद त्याला कंपनीने कधी दिलाच नव्हता, त्यामुळे रक्कम कमी आहे हे त्याला माझ्या निकालातून कळलं, हे कारण त्यात लिहिलं आहे. त्याच्याकडे पर्मनंटचं पत्र नाही, पण ईएसआयसीचं जुनं कार्ड आहे आणि त्यावरची तारीख १९९० ची आहे.